वक्त्यांच्या परिचयाचा मसुदा: जरा कोणी तपासून द्याल का?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला असते, तीन दिवसांची. यंदा दुसऱ्या दिवशीच्या वक्त्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वक्त्या म्हणजे आमच्याच गावातल्या निवृत्त शिक्षिका. मोडी वाचतात. विषय आहे ‘माळ्यावरचे कागद’. नाव इथे लिहीत नाही, नुसतं ‘बाई’ म्हणतो.

काल रात्री बसून मसुदा लिहिला. वाचून बघितला तर काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण बोट ठेवता येत नाही. बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली, “छान आहे, पण कोणाबद्दल आहे?” मसुदा असा:

> व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित रसिकहो, आजच्या वक्त्यांचा परिचय करून देणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवण्यासारखे आहे. ज्यांच्याविषयी बोलावे तितके थोडेच, असे बहुआयामी आणि ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व आज आपल्याला लाभले आहे, हे आपले परमभाग्य. बाईंचा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासूनच त्यांना वाचनाची आवड होती. घरची परिस्थिती बेताची असूनही जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर त्यांनी शिक्षण पूर्ण केले व ३१ वर्षे ज्ञानदानाचे पवित्र कार्य केले. पतीच्या निधनानंतर खचून न जाता त्यांनी हेमाद्रीपंतांनी शोधून काढलेल्या मोडी भाषेचा ध्यास घेतला. आजवर हजारो दुर्मीळ ऐतिहासिक कागदपत्रांचे वाचन करून त्यांनी इतिहासाच्या अभ्यासात मोलाचा वाटा उचलला आहे. त्यांना अनेक मानाचे पुरस्कार मिळाले आहेत. या वयातही त्यांचा उत्साह तरुणांना लाजवेल असा आहे. त्यांच्या कार्याला शब्दांत पकडणे अशक्य आहे. असो. वक्त्या आणि आपण यांच्यामध्ये मी अधिक वेळ उभा राहू इच्छित नाही. काही चुकले असल्यास लहान समजून माफ करावे. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. धन्यवाद. जय हिंद, जय महाराष्ट्र.

बिनधास्त झोडपा. कार्यक्रमाला अजून नऊ दिवस आहेत.

तिखटमीठ

वहिनींचा प्रश्न सोन्यासारखा आहे, तो फ्रेम करून लावा.

एक सांगा, गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी वक्ते कोण होते?

कोरा_कागद

हृदयरोगतज्ज्ञ होते. का?

तिखटमीठ

हाच मसुदा घ्या, बाईंच्या जागी डॉक्टर घाला आणि मोठ्यानं वाचा. जे वाक्य डॉक्टरांनाही चपखल बसतं ते कापा. सूर्य, काजवा, ऋषितुल्य, परमभाग्य, शेतकरी कुटुंब, बेताची परिस्थिती, जिद्द-चिकाटी, मोलाचा वाटा. डॉक्टरही लहानपणी वाचतच असणार हो. उरेल ते इथे आणा.

कोरा_कागद

बसलो कात्री घेऊन. उरलं ते इतकंच: “३१ वर्षे” आणि “मोडी भाषेचा ध्यास घेतला”. पतीच्या निधनाचं वाक्यही उरलं, पण ते ठेवावं की नाही कळत नाही. म्हणजे १४० शब्दांतले बाईंचे असे जेमतेम १०.

स्पष्टवक्ता

तिखटमीठ म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. विशेषणं सगळी उडवा. विशेषण हा परिचयाचा शत्रू. माझं स्वतःचं तंत्र असं की सुरुवात विनोदानं करायची, लोक हसले की सभा आपली. मोडीवर तर आयता विनोद आहे. दुकानाच्या मुनीमानं मालकाच्या घरी मोडीत चिठ्ठी पाठवली, “काका अजमेर गये”. घरच्यांनी वाचलं, “काका आज मर गये”, आणि रडारड सुरू. हा टाका, मग मुद्द्यावर या. शेवट एखाद्या शेरानं किंवा सुभाषितानं करा, टाळी हमखास.

बोरू

स्पष्टवक्ता, हा विनोद कृपा करून बाईंसमोर नको. मी गेली काही वर्षं हौशी मंडळींना मोडी शिकवते, आणि दर तुकडीत कोणीतरी हा विनोद सांगतंच. तो मोडीचा नाहीच. तो मारवाडी व्यापाऱ्यांच्या महाजनी म्हणजे मुडिया लिपीचा. त्या लिपीत घाईच्या लेखनात काना-मात्रा गाळायचे, म्हणून ‘अजमेर’चं ‘आज मर’ होतं. मोडीत काना-मात्रा व्यवस्थित असतात. मोडी अडते ती दुसरीकडे. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्यांना अक्षरं टांगत जायचं. त्यामुळे दोन शब्दांत फट नसते. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. कुठला ते मागचं-पुढचं वाचून ठरवायचं.

कोरा_कागद, तुमच्या मसुद्यात दोन जागा अशा आहेत की बाईंना खुर्चीत अस्वस्थ व्हायला होईल. एक, ‘मोडी भाषा’. मोडी ही लिपी आहे, भाषा मराठीच. वर्तमानपत्रंही ही चूक करतात, पण मोडी वाचणाऱ्या माणसाच्या परिचयात ती आली तर पहिल्या रांगेतल्या माहीतगारांना कळतं की निवेदकानं बाईंशी एकदाही बोलणं केलेलं नाही. दुसरी, हेमाद्रीपंत. यादवांच्या दरबारच्या हेमाद्रीनं मोडी आणली, कोणी म्हणतं लंकेहून आणली, ही आख्यायिका आहे. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. कदाचित बाई भाषणात तीच खोडणार असतील. मग तुम्ही पाच मिनिटं आधी ठामपणे सांगितलेलं त्यांना तुमच्याच देखत खोडावं लागणार.

‘दुर्मीळ ऐतिहासिक कागदपत्रं’ हेही तपासा. घराघरांतून येतात ते बहुतेक जमिनीचे, कर्जाचे, वाटणीचे कागद. त्यातच त्यांची मजा आहे.

स्पष्टवक्ता

बरं, अजमेर मागे घेतो. लहानपणापासून मोडीचा म्हणूनच ऐकलाय. पण विशेषणांचं म्हणणं मागे घेत नाही.

अटलांटिकपारचा

आमच्या न्यू जर्सीकडच्या मंडळात गेल्या वर्षी एका गायकांचा परिचय ११ मिनिटं चालला. मी घड्याळ लावलं होतं, कारण पार्किंगचे पैसे मिनिटावर होते. परिचय करून देणाऱ्या काकांनी पुरस्कारांची यादी वाचली, मग ते स्वतः त्यांना पहिल्यांदा कुठे भेटले ते सांगितलं, मग तेव्हा किती थंडी होती तेही. गायक तंबोरा लावून बसलेले. शेवटी तंबोरा परत लावावा लागला. माझ्या मते सगळे परिचय छापून खुर्चीवर ठेवावेत. तोंडी परिचय हवाच कशाला?

सुपारी_बाग

धागा उपयोगी आहे. माझ्या काकांच्या आत्मचरित्राची प्रस्तावना मी लिहितोय, तर त्यात मुद्रकाचे आभार आधी मानायचे की मुखपृष्ठकाराचे?

तिखटमीठ

सुपारी_बाग, इथे भाषणाआधीच्या परिचयाचं चाललंय. पण तुमच्या काकांच्या प्रस्तावनेत ‘ऋषितुल्य’ असेल तर तेही काढा.

जुनी_खोड

वीसेक वर्षं निवेदन करतोय, लग्नाच्या वाढदिवसापासून साहित्य संमेलनाच्या मंडपापर्यंत. अटलांटिकपारचा, तोंडी परिचय हवा, कारण लोक अजून खुर्च्या ओढत असतात, फोन बंद करत असतात. वक्त्याचं पहिलं वाक्य त्या गोंधळात वाया जाऊ नये म्हणून आपण दोन मिनिटं उभं राहायचं. सभा स्थिर करायची आणि ‘ह्याच विषयावर हीच बाई का’ एवढं सांगून बाजूला व्हायचं.

स्पष्टवक्त्यांशी थोडा असहमत आहे. दोष विशेषणाचा नाही. “तापट पण तास कधीही न बुडवणाऱ्या बाई” यात दोन विशेषणं आहेत आणि माणूस समोर उभा राहतो. दोष पोकळ कौतुकाचा आहे, आणि ते बिनविशेषणाचंही असतं. “मोलाचा वाटा उचलला” यात विशेषण एकच, पण पोकळ सगळंच. कुठला वाटा? कोणासाठी? तुमच्या मसुद्यात ‘हजारो’ आणि ‘अनेक’ आहेत, त्या दोन्ही ठिकाणी तुम्ही चौकशी केली नाही हे दिसतं. ‘हजारो’ हा आकडा आपण माहिती नसते तेव्हाच लिहितो.

आता ‘जिद्द आणि चिकाटी’. वाक्य खोटं नसेलही. पण ऐकणाऱ्याच्या कानात ते शिरतच नाही, कारण त्यानं ते तीनशे वेळा ऐकलेलं असतं. चिकाटी दाखवायची तर बाई एखाद्या शब्दावर किती दिवस अडल्या ते सांगा. ‘चिकाटी’ हा शब्द लोक स्वतः मनात म्हणतील.

त्यासाठी तुम्हाला बाईंकडे जावं लागेल. फोन नको, घरी जा. बायोडाटा मागू नका, त्यातून पुन्हा पुरस्कारच येतील. विचारा, सध्या कुठला कागद हातात आहे? कागद घेऊन येतं कोण? सगळ्यात जास्त कुठे अडलात? आणि उठताना विचारा, यातलं मी काय सांगू नको? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. एकदा मी एका गिर्यारोहकाच्या परिचयात त्यांचा सगळ्यात थरारक प्रसंग रंगवून सांगितला. ते माईकवर आले आणि म्हणाले, “आता मी काय सांगू?” लोक हसले, पण त्या गृहस्थांची पुढची दहा मिनिटं विस्कटली. त्यांचं सगळं भाषण त्याच प्रसंगावर उभं होतं.

सासवडची_सई

पतीच्या निधनाचं वाक्य काढाच. आधी नवरा गेला, मग मोडी आली, असं एकदा सांगितलं की सभेतले लोक पुढचा तासभर त्यांच्याकडे विधवेची करमणूक म्हणून बघणार. पुरुष वक्त्याच्या परिचयात कधी ऐकलंय, “पत्नीच्या निधनानंतर खचून न जाता त्यांनी शेअर बाजाराचा ध्यास घेतला”?

आणि ‘या वयातही’. म्हणजे या वयात नको होता का उत्साह? माझ्या आईच्या सत्काराला एकानं हेच म्हटलं. ती घरी येऊन म्हणाली, “मला वाटलं मी चांगलं काम केलं. त्याला वाटलं मी अजून जिवंत आहे.”

जुनी_खोड

‘या वयातही’बद्दल पूर्ण सहमत. पतीच्या बाबतीत मात्र मी एकदम फुली मारणार नाही. काही लोकांना तो उल्लेख हवा असतो. एका बाईंनी मला मुद्दाम सांगितलं होतं, “ह्यांचं नाव घ्या, त्यांच्याच कपाटातले कागद आहेत ते.” विचारून ठरवावं.

सासवडची_सई

विचारलं तर कोण नाही म्हणणार तोंडावर? आपल्याकडे ‘हो, चालेल’ हे संकोचानंही म्हणतात. त्यांनी आपण होऊन सांगितलं तर घ्या. आपण विषय काढायचा नाही.

जुनी_खोड

तेही खरंच. माझं मत अर्ध्यावर आहे असं समजा.

कोरा_कागद

आज संध्याकाळी बाईंकडे जाऊन आलो. दोन तास गेले, तीन वेळा चहा झाला. यादीच देतो काय काय कळलं त्याची, सगळं मसुद्यात जाणार नाही हे माहीत आहे.

त्या शाळेत गणित शिकवायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं मराठीच्या बाई समजत होतो. निवृत्तीनंतर पुराभिलेखागाराच्या मोडीच्या वर्गाला गेल्या. आता लोक कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर येतात. कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा तर सकाळी सातला रांग असायची म्हणाल्या. पैसे घेत नाहीत. पण कागद ओला, चिकटपट्टी लावलेला किंवा प्लॅस्टिकमध्ये तापवून बंद केलेला आणला तर रागावतात.

एका घरी त्यांना चौकटीत लावलेला, हार घातलेला कागद दाखवला होता. घरच्यांच्या मते ती राजांच्या काळची सनद. बाईंनी वाचला तर ती म्हशीच्या पैशांची फारखत निघाली, म्हणजे उधारी फिटल्याचा कागद. मी म्हटलं हाच घेतो परिचयात. त्या पटकन म्हणाल्या, “तो नको हं. भाषणाची सुरुवातच मी तिथून करणार आहे.” जुनी_खोड, तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नानं वाचवलं बघा.

मग त्यांनी वह्या काढल्या. न लागलेला शब्द जसा दिसतो तसा त्या वहीत गिरवून ठेवतात, कागद कोणाचा आणि तारीख काय तेही लिहितात. कधी लागला की शेजारी लाल शाईनं. अशा सात वह्या. पहिलीच्या पहिल्या पानावर आहे “छ ९ सफर”. त्याखाली त्यांचा तेव्हाचा अर्थ: “सहा-नऊ जण प्रवासाला निघाले?” आणि लाल शाईत: “छ म्हणजे चंद्र. सफर हा महिना. नववी तारीख!” मधे पाच महिने गेलेले.

पतीचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही.

बोरू

अगदी हीच चूक माझ्या प्रत्येक तुकडीत होते! मुसलमानी महिन्यांच्या तारखेआधी छ असतो, आणि सफर म्हटलं की मराठी माणूस प्रवासालाच निघतो. ही घ्याच.

कोरा_कागद

दुसरा मसुदा:

> नमस्कार. आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत जुने कागद असतील. अक्षरांना अक्षरं लागलेली, मधे कुठे फट नाही. पणजोबांना वाचता यायचे, आपल्याला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. असे कागद घेऊन आपल्या गावातले लोक ज्यांच्या ओसरीवर जातात, त्या बाई आज आपल्याशी बोलणार आहेत. त्यांनी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. सभागृहातले निम्मे लोक त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झाले असतील. निवृत्तीनंतर त्या मोडी लिपी शिकल्या. जो शब्द लागत नाही तो त्या वहीत गिरवून ठेवतात. अशा सात वह्या झाल्या आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी आहेत: छ, नऊचा आकडा, आणि ‘सफर’. बाईंनी अर्थ लावला होता की सहा किंवा नऊ माणसं प्रवासाला निघाली. मोडीच्या कागदांत मुसलमानी महिन्यांच्या तारखा असतात व तारखेच्या आधी छ लिहिण्याची पद्धत असते, छ म्हणजे चंद्र, आणि सफर हा त्या वर्षातला दुसरा महिना असतो, हे त्यांना पाच महिन्यांनी कळलं. ती चूक त्यांनी खोडलेली नाही. बरोबर अर्थ शेजारी लाल शाईनं लिहिला आहे. चला तर मग, कागद बोलू लागतात तेव्हा काय होतं ते ऐकू या बाईंकडून. धन्यवाद.

तिखटमीठ

आता डॉक्टरांना यातलं एकही वाक्य बसत नाही. “टाकवतही नाहीत” मस्त आहे.

सासवडची_सई

मार खाल्ल्याचं काढा. हमखास हशा मिळेल, पण बाई मारायच्या का खरंच?

कोरा_कागद

नाही. खडू फेकायच्या. नेम पक्का होता.

सासवडची_सई

मग खडूच लिहा की! खरं ते जास्त मजेशीर आहे.

जुनी_खोड

पुष्कळ सुधारला. दोन जागा सांगतो.

‘छ’चं स्पष्टीकरण वाचताना माझा श्वास संपला. तुम्ही एका वाक्यात पद्धत, चंद्र आणि वर्षातला दुसरा महिना असं सगळं कोंबलंय. लोकांना हसायला लागतं तेवढंच द्या. “सफर म्हणजे प्रवास नव्हे, महिना, हे कळायला त्यांना पाच महिने लागले.” बस. छ राहू द्या बाईंकडे. माहिती बरोबर आहे म्हणून सांगायलाच हवी असं नाही, आणि तो तास तुमचा नाही.

दुसरी जागा शेवट. “कागद बोलू लागतात तेव्हा” हा तुमच्या काजव्याचाच धाकटा भाऊ आहे. दगड बोलू लागतात, रंग बोलू लागतात, घुंगरू बोलतात, आता कागद. पहिल्या मसुद्यात सुरुवातीला घिसंपिटं होतं, तिथून तुम्ही हाकललंत, ते मागच्या दारानं शेवटाला येऊन बसलं. बहुतेकांचं असंच होतं. शेवटाशी आलं की लिहिणारा थकलेला असतो आणि हाताशी येईल ते उचलतो.

पहिल्या मसुद्याच्या शेवटाबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून तेही. “असो”, मग “अधिक वेळ घेत नाही”, मग माफी, मग “दोन शब्द संपवतो”, मग धन्यवाद, मग जय हिंद. सहा वेळा संपलाय तो. प्रत्यक्षात काय होतं पहा. ‘अधिक वेळ’ ऐकून वक्त्या खुर्चीच्या कडेला येतात. ‘माफ करावे’ला परत टेकतात. ‘धन्यवाद’ला लोक टाळ्या वाजवतात, त्या तुमच्यासाठी. ‘जय हिंद’ला काही जण उभे राहतात. आणि बाई माईककडे चालत येतात तेव्हा सभागृह गप्प. टाळी संपलेली असते. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप त्या शांततेत चालत येतात.

म्हणून शेवटचा शब्द त्यांचं नाव. त्याआधी विषय. नावानंतर तुम्ही काहीही बोलायचं नाही, धन्यवादही नाही. नाव घ्यायचं, त्यांच्याकडे बघायचं, टाळी सुरू करायची आणि माईकपासून बाजूला व्हायचं. आणि माईकची उंची आधीच त्यांच्या मापानं करून ठेवा.

स्पष्टवक्ता

मग नाव शेवटपर्यंत सांगायचंच नाही का? मला तर गुपित राखलेलं आवडतं. “आणि त्या आहेत…” असं.

जुनी_खोड

मागे सहा फुटी फलकावर नाव आणि फोटो आहे. गुपित कोणापासून? सुरुवातीला एकदा साधेपणानं घ्या, शेवटी पुन्हा.

तिखटमीठ

मला सुरुवातीला नकोच वाटतं. गाव लहान आहे, ‘ओसरीवर कागद घेऊन जातात’ म्हटल्याबरोबर लोकांना कळेलच. कळण्याचा आनंद त्यांना घेऊ द्या की.

जुनी_खोड

बाहेरगावहून आलेल्या माणसाचं काय?

तिखटमीठ

तो फलक वाचेल. तुम्हीच म्हणालात सहा फुटी आहे.

अटलांटिकपारचा

शाल-श्रीफळ कधी? आमच्याकडे परिचय झाला की लगेच सत्कार असतो. मग शेवटच्या नावाच्या टाळीचं काय करायचं?

जुनी_खोड

हा खरा प्रश्न. सत्कार परिचयाच्या आधी उरकायला सांगा. कार्यवाह ऐकत नाहीत असा माझा अनुभव आहे. नाहीच ऐकलं तर सत्कारानंतर पुन्हा माईकवर जाऊन एकच ओळ, विषय आणि नाव.

कोरा_कागद

आमचे कार्यवाहही ऐकणाऱ्यांतले नाहीत, पण बोलून बघतो. तिसऱ्या मसुद्याचा फक्त शेवट देतो:

> …सफर म्हणजे प्रवास नव्हे, महिना, हे कळायला त्यांना पाच महिने लागले. ती चूक त्यांनी खोडलेली नाही. शेजारी लाल शाईनं बरोबर अर्थ लिहिला आहे. आजचा विषय, ‘माळ्यावरचे कागद’. वक्त्या, (नाव).

मोठ्यानं वाचला. एक मिनिट पन्नास सेकंद. पहिला दोन मिनिटांच्या पुढे जात होता, घाई न करता वाचला तर. नाव सुरुवातीला घ्यायचं की नाही ते अजून ठरत नाहीये.

बोरू

‘मोडी लिपी’ असंच ठेवलंय ना? बोलताना सवयीनं भाषा निघून जाते. कागदावर ‘लिपी’खाली रेघ ओढा.

कोरा_कागद

कार्यक्रम काल झाला. तिसऱ्या दिवशीचं सतरंज्या गोळा करणंही आज आटोपलं, म्हणून आत्ता लिहितोय.

सत्कार आधी झाला. कार्यवाहांनी ऐकलं म्हणून नव्हे, अध्यक्षांना लवकर निघायचं होतं म्हणून. नाव मी सुरुवातीला घेतलं नाही. खडूच्या वाक्याला मागच्या रांगेतून कोणीतरी “आई गं” म्हणालं आणि सगळे हसले, ते मसुद्यात नव्हतं. नाव घेऊन बाजूला झालो. टाळी बाई माईकपाशी पोचेपर्यंत टिकली. मग अध्यक्ष मधेच उठले आणि म्हणाले, “बाईंविषयी बोलावे तितके थोडेच”, आणि चार मिनिटं बोलले. काजवाही आला.

बाईंनी सुरुवात म्हशीपासून केली नाही. आधी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वह्या सात नाहीत, आठ झाल्या. आठवी परवाच सुरू केली.” आणि पिशवीतून काढून दाखवली.

तिखटमीठ

आठवीच्या पहिल्या पानावर काय आहे?

कोरा_कागद

एक शब्द गिरवलेला. शेजारची जागा कोरी आहे. बोरू, बाईंना विचारून फोटो पाठवू का?

बोरू

पाठवा. शब्दाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन ओळीही घ्या, नुसत्या शब्दावरून लागणार नाही.

सुपारी_बाग

काकांच्या प्रस्तावनेत ‘ऋषितुल्य’ होतं. दोनदा.